मुरायच्या आत

समजा मे महिन्याच्या अखेरीस एका मैत्रिणीने तुम्हाला एवढीच ओळ लिहून पाठवली: "यंदा लोणच्याला खार कमी पडला, म्हणून घरातले सगळे माझ्यावर खार खाऊन आहेत." ओळ चांगली आहे. आता उत्तर तुमच्याकडून यायचं आहे आणि तेही एका ओळीत. नुसतं हसून भागत नाही, कारण जिने कोटी केली तिला हसण्यापेक्षा पुढची कोटी हवी असते. ही पुढची ओळ कशी सुचते, सुचलेल्या चारपैकी कुठली पाठवावी आणि कुठली गिळावी, याला बऱ्यापैकी पक्के नियम आहेत. कोटीबाज माणूस ते नियम सांगू शकत नाही, पण पाळतो मात्र नेमके तेच.

आधी मैत्रिणीने काय केलं ते नीट बघू. तिने 'खार' हा शब्द दोनदा वापरला. पहिल्यांदा लोणच्याचा खार आणि दुसऱ्यांदा 'खार खाणे' म्हणजे मनात राग धरणे. आपण बोलताना याला सरसकट श्लेष म्हणून मोकळे होतो. पण जुन्या अलंकारशास्त्राच्या काटेकोर हिशेबात हा श्लेष नाही, यमक आहे. शाळेत यमक म्हणजे ओळींच्या शेवटी जुळणारी अक्षरं एवढंच शिकवलं जातं. संस्कृत शास्त्रकारांचं यमक त्याहून वेगळं आहे: तोच अक्षरसमूह पुन्हा आला आणि दुसऱ्या वेळी त्याचा अर्थ बदलला, तर ते यमक. श्लेषात शब्द एकदाच उच्चारला जातो आणि त्या एकाच उच्चारात दोन अर्थ नांदतात.

हा भेद परीक्षेपुरता नाही, उत्तर देणाऱ्याचं सगळं काम त्यावर ठरतं. मैत्रिणीने दोन अर्थ वेगवेगळे मांडून ठेवले आहेत. एक प्रसंग स्वयंपाकघरात घडतो, दुसरा दिवाणखान्यात, आणि मध्ये 'म्हणून' हा शब्द पुलासारखा टाकलेला आहे. म्हणजे तिने दोन जागा दाखवल्या, पण दोन्हीकडे एकाच वेळी उभा राहील असा शब्द अजून आलेला नाही. तो आणणं हे उत्तराचं काम. तिची ओळ यमकाची, तुमची ओळ श्लेषाची. उत्तर 'वरचढ' वाटतं त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

आता उत्तरं चाचपू. पहिलं सुचतं ते बहुधा त्याच शब्दाला धरून असतं. खार म्हटल्यावर झाडावरची खार डोळ्यांपुढे येते, मग 'खारीचा वाटा' आठवतो, आणि हात लिहायला लागतो: "मग तू खारीचा वाटा तरी उचल." हे उत्तर पाठवू नये. शब्दाला तिसरा अर्थ जोडला खरा, पण खार लोणच्यातही नाही आणि रुसव्यातही नाही. ती बाहेरून आली आहे. शिवाय व्याकरणानेही इथे पाय ओढला आहे. लोणच्यातला खार पुल्लिंगी, म्हणून आपण खारातल्या मिरच्या म्हणतो. झाडावरची खार स्त्रीलिंगी, म्हणून तिचा वाटा खारीचा. नुसतं 'खार' म्हणेपर्यंत दोघं एकाच कपड्यात असतात, विभक्ती लागली की वेगळी होतात. 'खारीचा' म्हणताक्षणी लोणचं संपलं.

मराठीत कोटी तपासायची ही सोपी कसोटी आहे: शब्दाला 'चा', 'ला', 'त' लावून बघायचा. लिंग वेगळं असेल तर सामान्यरूप वेगळं होतं आणि कोटी फुटते. गळ्यातला हार आणि सामन्यातली हार यांचं हेच होतं. लग्नातला 'वर' आणि 'वर' म्हणजे माथ्याकडे, यांचंही; नवऱ्यामुलाला 'वराला' म्हणता येतं, पण दिशेला प्रत्यय लागला की 'वरून' होतं. याउलट भाजीचा पालक आणि मुलाचा पालक यांचं एकवचनातलं रूप शेवटपर्यंत तंतोतंत जुळतं. 'पालकाची' म्हटलं की पुढे भाजी येणार की सही, हे पुढचा शब्द येईपर्यंत कळत नाही. म्हणूनच पालकावर इतक्या कोट्या झाल्या आहेत आणि तरी तो थकलेला नाही. (अनेकवचन केलं की मात्र भाजी गळते. पालकांची फक्त सभा होते.)

तर 'खार' सोडायचा. मग शोधायचं कुठे? इथे कोटीबाजाची खरी युक्ती आहे: तो मैत्रिणीच्या शब्दाकडे बघत नाही, तिच्या दोन प्रसंगांकडे बघतो. लोणचं घालताना जे जे शब्द तोंडी येतात ते मनात फिरवायचे: कैरी, फोड, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, मीठ, फोडणी, तेल, बरणी, दादरा, मुरणे, बुरशी. आणि रुसव्याकडून बघायचं: यातला कुठला शब्द माणसं भांडणाबद्दल बोलताना आधीपासूनच वापरतात? आधीपासूनच, हे महत्त्वाचं. कोटीसाठी बनवलेला अर्थ चालत नाही, भाषेने आधीच रुळवलेला अर्थच चालतो. या यादीतले तीन शब्द लगेच हात वर करतात.

एक 'मुरणे'. लोणचं मुरतं, पाणी मुरतं, राग मनात मुरतो. "असू दे, मुरेल हळूहळू." ओळ छान आहे, आणि तिच्यात एक गंमत आपसूक आली आहे. लोणच्याच्या बाजूने हा दिलासा आहे, कारण मुरणं ही चांगलीच गोष्ट. रुसव्याच्या बाजूने मात्र हा इशारा आहे, कारण मुरलेला राग निघत नाही. एकच वाक्य एका खोलीत धीर देतं आणि दुसऱ्या खोलीत घाबरवतं.

दुसरा 'फोड'. कैरीची फोड, आणि 'फोड करून सांगणे' म्हणजे उलगडून सांगणे. "मग त्यांना एकदा फोड करून सांग." आणखी घट्ट करायची तर: "मुरायच्या आत फोड करून सांग." क्रमही बरोबर बसतो. लोणच्यात फोडी आधी होतात, मुरणं नंतर. भांडणातही खुलासा आधी झालेला बरा. दोन्ही शब्द दोन्हीकडे लागू, क्रमही दोन्हीकडे खरा. कारागिरी म्हणून ही ओळ सगळ्यांत सफाईदार आहे. एक बारीक खोट काढणारा म्हणेल, की लोणचं घालून झालंय, आता कसली फोड? ते खरं आहे, पण ते खपतं. दोन अर्थांपैकी एक पूर्ण खरा हवा, दुसऱ्याने नुसतं डोकावलं तरी पुरतं.

तिसरा 'तेल'. "मग आता वरून तेल ओत." मी असतो तर हीच पाठवली असती, आणि का ते सांगायला थोडं लोणच्याकडेच जावं लागेल.

लोणच्याचा खार म्हणजे नुसतं मीठ नव्हे. फोडींना मीठ लावलं की कैरीच्या आतलं पाणी बाहेर येतं, त्यात मीठ आणि मसाला मिसळून जो दाट रस होतो तो खार. मीठ कमी पडलं, किंवा कैरी जून आणि कोरडी निघाली, की रस कमी सुटतो. मग वरच्या फोडी उघड्या राहतात, आणि बुरशी धरते ती नेमकी तिथे, कारण बुरशीला हवा लागते. यावर घरोघरचा उपाय म्हणजे तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून, फोडी बुडतील इतकं वरून ओतणं. तेलाचा थर हवा तोडतो. म्हणजे "वरून तेल ओत" हा स्वयंपाकघरातला अगदी रास्त, शब्दशः बरोबर सल्ला आहे. तुमची आजी हाच देईल. आणि रुसव्याच्या खोलीत हाच सल्ला म्हणजे आगीत तेल ओतण्याचं आमंत्रण. लोणचं वाचवायचा उपाय आणि घर पेटवायचा उपाय एकाच वाक्यात. चेहरा मदतीचा, मनात आगाऊपणा.

'फोड'वाल्या ओळीत दोन्ही अर्थ सज्जन आहेत, म्हणून ती वाचून मान डोलते. 'तेल'वाल्या ओळीत एक अर्थ सज्जन आणि एक वात्रट, म्हणून ती वाचून हसू येतं. दोन अर्थ असणं पुरत नाही, ते एकमेकांच्या विरोधात जात असतील तर ओळीला धार येते. 'मुरेल'मध्येही तो विरोध आहे, पण तिथे तो वाचणाऱ्याला शोधावा लागतो. 'तेल ओत' ऐकलं की आग आपोआप आठवते, कारण तो वाक्प्रचार सगळ्यांच्या तोंडी आहे. अर्धा वाक्प्रचार आपण बोलायचा, उरलेला अर्धा समोरच्याने मनात पुरा करायचा. आगीचं नाव घेतलं असतं तर ओळ मेली असती.

उत्तरातल्या या कलेला आपल्याकडे शास्त्रात जागा आहे, फक्त नाव थोडं निराळ्या कामाला लागलेलं आहे. नवव्या शतकातल्या रुद्रटाने आपल्या 'काव्यालंकारा'त वक्रोक्ती हा शब्दालंकार सांगितला. त्याच्या मते वक्रोक्ती ही संवादातच होते: एकाने एका अर्थाने बोलावं आणि उत्तर देणाऱ्याने मुद्दाम दुसरा अर्थ घेऊन उत्तर द्यावं. दुसरा अर्थ शब्दाच्या दुहेरीपणातून घेतला तर श्लेषवक्रोक्ती, आवाजाच्या चढउतारातून घेतला तर काकुवक्रोक्ती. पुढे कुंतकाने 'वक्रोक्तिजीवित' लिहून हा शब्द साऱ्या काव्याचा प्राण म्हणून मांडला, आणि आज वक्रोक्ती म्हटल्यावर अभ्यासकांना कुंतक आठवतो. पण चहाच्या टपरीवर जे चालतं ते रुद्रटाचं. रत्नाकर या काश्मिरी कवीने तर शिव-पार्वतीच्या अशा उत्तर-प्रत्युत्तरांची पन्नास पद्यं रचली, 'वक्रोक्तिपंचाशिका' या नावाने.

याचा सगळ्यांत देखणा नमुना विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकाच्या अगदी सुरुवातीच्या नांदीत आहे. शिवाच्या डोक्यावर गंगा बसलेली पार्वतीला दिसते आणि ती विचारते, ही भाग्यवान कोण? शिवाला गंगा लपवायची आहे. तो म्हणतो, चंद्रकला. पार्वती विचारते, हे तिचं नाव का? तो म्हणतो, अर्थात, तुला माहीत असलेलंच तर नाव, विसरलीस कशी? शेवटी ती वैतागून म्हणते, मी बाईबद्दल विचारते आहे, चंद्राबद्दल नाही. आणि इथे शिवाचं कसब आहे. संस्कृतात 'विचारणे' या क्रियापदाला दोन कर्मं लागतात, ज्याला विचारायचं तो आणि ज्याबद्दल विचारायचं ते, आणि दोघांची विभक्ती एकच असते. त्यामुळे पार्वतीच्या वाक्याचा अर्थ 'मी बाईला विचारते, चंद्राला नाही' असाही निघतो. शिव तोच धरतो: चंद्राच्या बोलण्यावर विश्वास नसेल तर मग विजयेला विचार. विजया ही पार्वतीची सखी. गंगा राहिली बाजूला.

ही कोटी मराठीत आणता येत नाही. आपण 'बाईला' आणि 'बाईबद्दल' वेगळं म्हणतो, म्हणून शिवाला पळायला वाटच उरत नाही. प्रत्येक भाषेच्या फटी वेगळ्या जागी असतात. संस्कृतात विभक्ती दोन कामं करते तिथे फट असते. मराठीत ती बहुतेकदा एकाच नामाच्या दोन अर्थांत आणि ठरलेल्या वाक्प्रचारांत सापडते: तेल ओतणे, पाणी मुरणे, चाल खेळणे, ताव मारणे.

शिवाचं उत्तर आणि आपलं लोणच्याचं उत्तर यांत मात्र एक मूलभूत फरक आहे. शिव पार्वतीचं बोलणं वाकवतो, कारण ती सरळ बोलली होती. मैत्रीण सरळ बोललेलीच नाही. तिने शब्द आधीच वाकवून दिला आहे. वाकलेल्याला पुन्हा वाकवायला गेलं की तो मोडतो. 'खारीचा वाटा' असाच मोडला. म्हणून कोटीला उत्तर देणारा वक्रोक्ती करत नाही, तो समोरच्याचे दोन्ही अर्थ मान्य करून त्यांच्यात राहायला जातो. वाद घालणाऱ्याचं उत्तर आणि मित्राचं उत्तर यांतला फरकही तोच. मित्राचं उत्तर वाचून मूळची ओळ मागे पडत नाही, उलट ती आणखी चांगली होती असं वाटायला लागतं.

आणखी एक उदाहरण घेऊ, यात उत्तराला दोनच शब्द पुरतात. मित्र लिहितो: "पोराने डब्यातला पालक परत आणला, आणि शाळेने पालकांना बोलावलं." पुन्हा यमक, पुन्हा दोन प्रसंग. उत्तर: "जुडीनं जा." पालेभाजीची जुडी, आणि शाळेत आईवडिलांनी जायचं ते जोडीनं. इथे शब्दाला दोन अर्थ नाहीत. एक शब्द ऐकू येतो आणि त्याच्या सावलीत दुसरा उभा असतो, फरक फक्त एका स्वराचा. शास्त्रातल्या श्लेषात हे बसत नाही, पण बोलण्यात असल्या कोट्या श्लेषापेक्षा जास्त होतात, आणि त्यांची एक सोय आहे: भाषेत तयार दुहेरी शब्द नसेल तरी शेजारचा चालतो. अट एवढीच, की मूळ वाक्य सगळ्यांच्या कानात पक्कं बसलेलं हवं. 'जोडीनं जा' हे आपण लग्नाला, पूजेला, शाळेच्या सभेला इतकं म्हणतो, की स्वर बदलला तरी कान मूळ शब्द ऐकतोच.

ही ओळ सगळीकडे चालेल असं नाही. काही भागांत भाजीची पेंडी असते, जुडी नसते. तिथल्या माणसाला ती फक्त टंकलेखनातली चूक वाटेल. कोटी ज्याला पाठवायची त्याच्या बाजारातला शब्द हवा.

लिहून पाठवायच्या ओळीची आणखी एक खुबी आहे, जी बोलताना नसते. मराठी लिपीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार एकाच अक्षरात राहतात. नवऱ्याच्या भावाची बायको ती जाऊ, अनेकवचनी जावा, तिथला ज दंततालव्य. संगणकाची भाषा जावा, तिथला ज तालव्य. "घरात दोघी जावा, आणि धाकटी जावा शिकते" ही ओळ वाचताना गोंधळात पाडते आणि मोठ्याने वाचली की मरते. असली कोटी कुणी बोलून दाखवली तर समजावं, त्याने ती आधी कागदावर केली होती. उलट ऱ्हस्व-दीर्घाचं. आपण बोलताना 'दिन' आणि 'दीन' यांत बहुधा फरक करत नाही, त्यामुळे "शिक्षक दिन" ऐकून कुणी हसला तर तो दीन शिक्षकांना हसला असं समजावं. लिहिताना मात्र एक वेलांटी निवडावीच लागते, आणि निवडली की पत्ता उघडा पडतो. म्हणून कोटी आली तर आधी बघावं ती डोळ्यांची आहे की कानाची, आणि उत्तरही त्याच जातीचं द्यावं.

शब्दक्रमाचाही विचार करावा लागतो. कोटीचा शब्द जितका उशिरा येईल तितका बरा, पण मराठी वाक्य क्रियापदाने संपतं, त्यामुळे तो शब्द बहुतेकदा शेवटून दुसरा राहतो आणि मागे एक निरुपयोगी 'आहे' किंवा 'असेल' लोंबकळतं. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे कोटी क्रियापदातच करायची, 'तेल ओत'सारखी, म्हणजे शेवट आपोआप तिचा. दुसरा, बोलण्यातला मोकळा क्रम वापरायचा: "जुडीनं जा" ऐवजी "जा की जुडीनं". मला दुसरा जास्त आवडतो. 'जा की' ऐकताना साधा सल्ला वाटतो आणि धक्का अगदी कडेला बसतो.

आणि बिघडतं कुठे? सगळ्यांत जास्त ते हावरेपणाने. 'मुरणे', 'फोड' आणि 'तेल' तिन्ही सापडले की तिन्ही एका ओळीत कोंबायचा मोह होतो: "फोड करून सांग, मुरू देऊ नकोस, आणि तेल ओतू नकोस." तीन कोट्या, हसू एकही नाही. वाचणाऱ्याला पहिल्या शब्दाचा दुसरा अर्थ लागेपर्यंत दुसरा येऊन धडकतो. शिवाय "तेल ओतू नकोस" असं नकारार्थी झालं की वात्रटपणा जातो आणि उरतो उपदेश. दुसरी चूक अवतरणचिन्हांची. "मग आता वरून 'तेल' ओत" असं लिहिलं की लिहिणारा बोट दाखवतो आहे, बघा इथे कोटी आहे. ज्या शब्दाला बोट दाखवावं लागतं तो शब्द चुकीचा निवडला आहे.

पु. लं.ना लोक प्रेमाने 'कोट्याधीश' म्हणतात. ते म्हणणं स्वतःच एक उत्तर आहे, कोटीचे दोन्ही अर्थ एका पदवीत घालणारं. त्यात पैसेवाला कोट्यधीश आणि कोट्या करणारा दोघंही मावतात, आणि कुणालाच सरकावं लागत नाही.

मैत्रीण तुमच्या तेलाला काय उत्तर देईल हे सांगता येत नाही, पण ती खरी कोटीबाज असेल तर ती आता लोणचं सोडून तेलाकडे वळेल: "ओतलं असतं, पण तेलाचे भाव बघून सगळ्यांच्याच चेहऱ्यावरचे भाव उतरले." पुन्हा यमक, पुन्हा दोन खोल्या: बाजार आणि चेहरे. आता दोन्हीकडे चालेल असा शब्द तुम्हाला शोधायचा आहे, आणि 'उतरणे' तिने आधीच वापरून टाकलं आहे.